एकच वजन, दोन मुली

समजा, एका अंगणवाडीत एकाच दिवशी दोन मुलींची वजनं झाली. दोघींनाही नुकतेच अठरा महिने पूर्ण झालेले. काट्यावर दोघींचं वजन ८ किलो भरलं. मुलींच्या गुलाबी तक्त्यावर १८ महिन्यांच्या उभ्या रेघेवर ८ किलोचा ठिपका दिला, की तो पिवळ्या पट्ट्यात पडतो, कारण त्या वयाला हिरव्या पट्ट्याची खालची हद्द ८.१ किलोवर आहे. दोघींच्या नावापुढे एकच शेरा लिहिला जातो, ‘मध्यम कमी वजन’, आणि दोघींच्या आयांना एकच सल्ला मिळतो: बाळाला नीट खाऊपिऊ घाला.

आता त्याच दोघींना लांबी मोजायच्या फळीवर निजवू या. पहिली भरते ७४ सेंटिमीटर, दुसरी ८० सेंटिमीटर. एवढ्या एका आकड्याने दोघी एकमेकींपासून फार लांब जातात. दीड वर्षाच्या मुलीची मध्यम लांबी ८०.७ सेंटिमीटर असते आणि ७४.९ च्या खाली ती खुजी धरतात. म्हणजे पहिली मुलगी खुजी आहे. पण तिच्या ७४ सेंटिमीटर लांबीला ८ किलो वजन अगदी शोभण्यासारखं आहे. त्या लांबीच्या मुलींचं मध्यम वजन ९ किलोच्या आसपास असतं आणि धोक्याची हद्द साडेसातच्या जवळ. ती लहानखुरी आहे, पण रोडावलेली नाही. दुसरीची लांबी जवळजवळ मध्यम आहे. पण ८० सेंटिमीटरच्या मुलीचं मध्यम वजन १० किलोच्या आसपास असतं आणि धोक्याची हद्द साडेआठच्या जवळ. ती ८ किलोवर आहे. तिच्या अंगावरचं मांस उतरलेलं आहे, आणि तेही अलीकडे, कारण हाडांची वाढ आत्तापर्यंत चांगली झाल्याचं तिची लांबीच सांगते.

पहिलीचं नुकसान हळूहळू, महिनोन्‌महिने झालेलं आहे, कदाचित आईच्या पोटात असल्यापासून. दुसरीचं नुकसान आत्ता, या आठवड्यांत चाललंय. दुसरीला येत्या पंधरवड्यात जुलाब किंवा न्यूमोनिया झाला, तर तो तिच्या जिवावर बेतण्याची शक्यता पहिलीपेक्षा खूप जास्त. पहिलीसाठी धावपळीचा उपयोग नाही. तिला पुढची काही वर्षं सांभाळायचं आहे. आणि आपली व्यवस्था, आपली भाषा, घरातल्या वडीलधाऱ्यांची नजर, सगळं दोघींना एकाच शब्दात बसवतं: कुपोषित. माझं म्हणणं एवढंच आहे, की वयानुसार वजन हा एकटा आकडा पाहून कुठल्याही आईला आहाराचा सल्ला देऊ नये. लांबी मोजावी, मागच्या महिन्यांचे ठिपके पाहावेत, आणि मगच ताटाकडे वळावं.

तक्त्यावरच्या रेघा कुठून आल्या, हे एकदा नीट समजून घेतलं, की बाकीचं सोपं जातं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली हे तक्ते प्रसिद्ध केले. त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका अशा सहा देशांतली मुलं मोजली होती. भारतातली मुलं दक्षिण दिल्लीतली होती. निवडलेली कुटुंबं अशी, की बाळाला आईचं दूध मिळतं, आई धूम्रपान करत नाही आणि गरिबीमुळे वाढ अडलेली नाही. या मुलांच्या मोजमापांची मधली रेघ म्हणजे मध्य. तिच्या खाली एक पायरी, दोन पायऱ्या, तीन पायऱ्या अशा रेघा आहेत. दोन पायऱ्यांच्या रेघेखाली निरोगी, पोटभर खाणारी मुलंही असतात, पण शंभरांत दोन किंवा तीन. म्हणून एखादं मूल त्या रेघेखाली दिसलं, तर ते आजारीच आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. त्याचे आईबापही ठेंगणे असतील. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शंभरांतली ३५ मुलं उंचीच्या त्या रेघेखाली होती. जिथे दोन-तीन असायला हवीत तिथे पस्तीस असतील, तर त्याचा खुलासा आईबापांच्या ठेंगणेपणाने होत नाही.

याच पाहणीतला दुसरा आकडा मला जास्त अस्वस्थ करतो. महाराष्ट्रात रोडावलेल्या मुलांचं प्रमाण २५.६ टक्के निघालं. देशाचं १९.३ आहे. खुजेपणात आपण देशाच्या सरासरीइतकेच आहोत, पण रोडावण्यात देशाच्या बरेच पुढे, आणि मागच्या पाहणीतही हा आकडा तेवढाच होता. देशातल्या श्रीमंत राज्यांत गणल्या जाणाऱ्या राज्यात दर चौथं मूल त्याच्या उंचीच्या मानाने हडकुळं आहे. आपली चर्चा मात्र बहुतेक वेळा कमी वजनाच्या आकड्याभोवती फिरते, कारण काटा सगळीकडे पोचला आणि लांबी मोजायची सवय पोचली नाही.

तक्ता वाचताना दुसरी मोठी चूक होते ती रंगाकडे पाहण्याची. रंग सांगतो की मूल आज कुठे आहे. ते कुठे चाललंय हे फक्त ठिपके जोडणारी रेघ सांगते. एक उदाहरण महिन्यामहिन्याने पाहू. एक मुलगी सहाव्या महिन्यात ७ किलोची होती. त्या वयाचा मध्य ७.३, म्हणजे छान बाळ. सातव्या महिन्यात ७.१. आठव्यात ७.१. नवव्यात पुन्हा ७.१. दहाव्यात ७.२. या चार महिन्यांत मधली रेघ ७.३ वरून ८.५ वर गेली, म्हणजे सव्वा किलोच्या जवळपास चढली, आणि ही मुलगी जेमतेम २०० ग्रॅम. पण दहाव्या महिन्यात हिरव्या पट्ट्याची खालची हद्द ६.७ किलो आहे. मुलगी तिच्यावर अर्धा किलो आहे. तिच्या नावापुढे ‘साधारण’ असंच लिहिलं जाणार. ती अशीच आडवी चालत राहिली, तर तेराव्या महिन्याच्या सुमारास पिवळ्यात उतरेल आणि तेव्हा कुणीतरी आईला विचारेल, की काय गं, बाळ खात नाही का? वाढ थांबली होती सहाव्या महिन्यात. प्रश्न आला तेराव्यात. मधले सात महिने हिरव्या रंगाखाली झाकून गेले, आणि मेंदूच्या व हाडांच्या वाढीच्या दृष्टीने हेच महिने सगळ्यांत मोलाचे होते.

म्हणून कार्ड हातात घेतल्यावर आधी शेवटचे तीन ठिपके पाहावेत. रेघ मधल्या रेघेला समांतर वर जात असेल, तर ती मध्याच्या खाली असली तरी बहुधा चिंता नको. जन्मतः लहान असलेलं मूल आपल्या वाटेने वाढतंय. रेघ आडवी झाली असेल, तर रंग कोणताही असो, त्याच महिन्यात घरी बसून विचारपूस व्हायला हवी. आणि रेघ खाली वळली असेल, म्हणजे वजन उतरलं असेल, तर एक दिवसही थांबू नये. सहा महिन्यांनंतर वर्षापर्यंत दर महिन्याला साधारण पाव किलो ते तीनशे ग्रॅम आणि दुसऱ्या वर्षात महिन्याला दोनशे ग्रॅमच्या आसपास वाढ अपेक्षित असते. एवढा हिशेब तर कुठलीही आजी लक्षात ठेवू शकते.

आता त्या दहा महिन्यांच्या मुलीच्या घरात डोकावू. तिथे अन्न नाही असं नाही. सकाळी पेज, दुपारी वरणाचं पाणी, संध्याकाळी पुन्हा पेज, मधे चहात बुडवलेलं बिस्कीट. आई सांगते, तीन वाट्या खाते की. ती खरं बोलतेय. पण दीडशे मिलिलिटरच्या पातळ पेजेच्या वाटीत तांदूळ असतो जेमतेम १० ग्रॅम, म्हणजे ३५ उष्मांक. तीन वाट्यांत शंभर. आईच्या दुधाखेरीज या वयाच्या बाळाला वरच्या अन्नातून दिवसाला साधारण ३०० उष्मांक लागतात. आणि सात किलोच्या बाळाचं पोट एका वेळी दोनशे मिलिलिटरपेक्षा फार जास्त घेत नाही. ते पोट पाण्याने भरतं, बाळ तोंड फिरवतं, आणि घरात सगळ्यांना वाटतं की पोट भरलं.

त्याच वाटीत घट्ट मऊ खिचडी करून पाहा. २५ ग्रॅम तांदूळ, १० ग्रॅम मुगाची डाळ, वरून चहाचा एक चमचा तेल. तांदळाचे नव्वद, डाळीचे पस्तीस, तेलाचे पंचेचाळीस, म्हणजे एका वाटीत १७० उष्मांक. पेजेच्या पाच वाट्यांचं काम एका वाटीत झालं. अशा दोन वाट्या दिवसभरात तीन-चार वेळा विभागून दिल्या, तरी बाळाची गरज भागते. घरात जास्तीचं काहीही विकत आणावं लागलं नाही. डाळ होतीच, तिचं फक्त पाणी बाळाला जात होतं आणि गाळ मोठ्यांच्या ताटात. वरणाच्या पाण्याबद्दल आपल्या घराघरांत जी श्रद्धा आहे, तिने मुलांचं मोठं नुकसान केलंय असं मला मनापासून वाटतं. डाळीची ताकद पाण्यात उतरत नाही. ती खाली बसलेल्या डाळीत असते.

घट्टपणा ओळखायला साधन लागत नाही. चमचा तिरपा धरला, की अन्न चमच्यावर राहिलं पाहिजे, ओघळून जाता कामा नये. तेलातुपाने बाळाला खोकला होतो, ही भीती अनेक घरांत आहे. तिला आधार नाही. शिजलेल्या वाटीत घातलेलं चमचाभर तेल किंवा तूप हा लहान पोटात जास्त ताकद बसवायचा सगळ्यांत स्वस्त मार्ग आहे, आणि तूपच हवं असंही नाही. दाण्याचं कूटही तेच काम करतं आणि बरोबर प्रथिनंही देतं. मात्र अख्खा दाणा चार-पाच वर्षांपर्यंत देऊ नये, तो श्वासनळीत अडकतो. मध वर्षाच्या आत देऊ नये. चहा तर लहान मुलाला मुळीच नको, कारण तो भूक मारतो आणि अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही.

घट्ट खीर किंवा आंबील बाळाला गिळवत नाही, अशी तक्रार येते आणि ती खरी असते. मग आई पाणी घालते आणि सगळी मेहनत पातळ होते. इथे आपल्याकडची एक जुनी गोष्ट कामी येते. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, उन्हात वाळवायची आणि फार न भाजता दळायची. मोड येताना धान्यात एक पाचक द्रव्य तयार होतं, जे शिजलेल्या पिठाचा चिकटपणा मोडतं. घट्ट शिजवलेल्या लापशीत, ती कोमट झाल्यावर, या पिठाचा एखादा चमचा ढवळला, की पाणी न घालता ती सैल होते. मग एकदा पुन्हा उकळून बाळाला द्यायची. पीठ खरपूस भाजलं, तर ते द्रव्य मरतं आणि हा गुण निघून जातो. म्हणून हलक्या हाताने भाजणं महत्त्वाचं.

उष्मांकांनी वजन भरतं, पण लांबी नुसत्या उष्मांकांनी वाढत नाही. ही गोष्ट पहिल्या, खुज्या मुलीसाठी फार महत्त्वाची आहे. तिच्या लांबीला तिचं वजन पुरेसं आहे. तिला आपण साखर, गूळ, बिस्किटं आणि तुपाचे गोळे घालत राहिलो, तर तिचं वजन वाढेल, ठिपका हिरव्यात जाईल, सगळे समाधान पावतील, आणि ती खुजीच राहील, फक्त अंगाने जड. हाडं लांब व्हायला चांगल्या प्रतीची प्रथिनं, जस्त, कॅल्शियम आणि बाकी सूक्ष्म द्रव्यं लागतात. ती अंडी, दूध-दही, मासे, मटणाचा बारीक केलेला तुकडा, डाळी, पालेभाज्या अशा वेगवेगळ्या ठिकाणांहून येतात. सहा महिन्यांनंतर रोज एक अंडं मऊ कुस्करून देता आलं, तर त्याइतकं सोपं आणि पूर्ण अन्न गरिबाघरी दुसरं मिळणं कठीण. किनाऱ्याजवळच्या घरांत सुकट किंवा जवळा धुऊन, भाजून, पूड करून भातात मिसळता येतो. जे कुटुंब मांसमासे खात नाही, तिथे दूध-दही, डाळ आणि दाण्याचं कूट यांच्याकडे दुप्पट लक्ष द्यावं लागेल. राज्य सरकारच्या २०१५ पासूनच्या अमृत आहार योजनेत आदिवासी भागातल्या मुलांना अंडी किंवा केळी आणि गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचं गरम जेवण देण्याची सोय झाली, ती याच विचाराने. अंडं द्यावं की नाही हा वाद अधूनमधून उफाळतो. ज्या घरात ते चालतं, त्या घरातल्या मुलाच्या ताटातून ते काढून घेण्याचा अधिकार कुणालाही नाही.

अपुऱ्या आहाराइतकीच लांबी खाऊन टाकतो तो वारंवारचा आजार. प्रत्येक जुलाबाच्या फेरीत मूल काही दिवस खात नाही, अंगातलं द्रव्य जातं, आणि बरं झाल्यावरही घरात आठवडाभर ‘हलकं’ म्हणून पेजच चालते. वजन नंतर भरून येतं, लांबीला तेवढा वेळ मिळत नाही, आणि पुढचा पावसाळी जुलाब येऊन ठेपतो. जुलाबात आईचं दूध आणि नेहमीचं अन्न थांबवायचं नाही, थोडं थोडं पण वरचेवर द्यायचं. जलसंजीवनी द्यायची. जस्ताच्या गोळ्या चौदा दिवस पुऱ्या करायच्या. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले म्हणून गोळ्या थांबवल्या, की त्यांचा पुढचा फायदा गेला. आणि आजार उतरल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचं. बरं होणाऱ्या मुलाला या काळात खरोखर भूक लागते, आणि घराने ती ओळखली तर गेलेलं वजन भराभर भरून येतं.

पण सल्ल्याला हातपाय लागतात. बाळाला घट्ट खिचडी तीन-चार वेळा भरवायला माणूस लागतो. सोयाबीनच्या काढणीत, उसाच्या तोडणीत किंवा वीटभट्टीवर आई सकाळी गेली, की संध्याकाळी येते, आणि मधल्या वेळी बाळाला भरवते सात वर्षांची बहीण. तिने बिस्कीट हातात दिलं, तर तिला दोष देता येत नाही. म्हणून मी तरी आईला उष्मांकांचा धडा देण्याआधी विचारीन, की दिवसा बाळ कोणाजवळ असतं, चूल किती वाजता पेटते, आणि सकाळी शिजवलेलं दुपारपर्यंत टिकेल असं काय करता येईल. दाण्याचं कूट आणि गूळ घातलेला भाकरीचा कुस्करा सकाळी करून ठेवता येतो, बहीण भरवू शकते, आणि तो पेजेपेक्षा कितीतरी भारी आहे. बाळाची वाटी वेगळी असावी, म्हणजे त्याने किती खाल्लं ते कळतं. मोठ्यांच्या ताटात बसवलेलं मूल किती जेवलं हे कुणालाच माहीत नसतं. अंगणवाडीतून घरी येणाऱ्या पाकिटाचंही तेच होतं. ते एका मुलाच्या नावाने येतं आणि घरभर वाटलं जातं, कारण घरातली बाकीची मुलंही भुकेलीच असतात.

खुजेपणाचा प्रश्न निघाला, की एक आक्षेप हमखास येतो: आपल्या लोकांची चणच लहान, मग परदेशी फूटपट्टी आपल्याला का लावायची? हा आक्षेप हलक्यात घेण्यासारखा नाही. अर्थतज्ज्ञ अरविंद पनगढिया यांनी २०१३ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त हाच मुद्दा विस्ताराने मांडला. भारतात बालमृत्यू आफ्रिकेतल्या अनेक देशांपेक्षा कमी असताना खुजेपणा मात्र जास्त कसा, हा त्यांचा प्रश्न होता, आणि त्यांचं उत्तर असं, की फूटपट्टीच भारतीय मुलांना लागू पडत नाही. मला हे उत्तर पटत नाही. ज्या अभ्यासावर ही फूटपट्टी उभी आहे, त्यात दक्षिण दिल्लीतली मुलं होती, आणि त्या वयात त्यांची लांबी इतर देशांतल्या मुलांच्या जवळपास निघाली. एका देशातल्या मुलामुलांतला फरक देशादेशांतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा होता. अन्न, दूध आणि निरोगी घर मिळालं, की पहिल्या पाच वर्षांत भारतीय मूल इतरांसारखंच वाढतं.

आक्षेपात एक धागा मात्र खरा आहे. आईची उंची आणि तिचं स्वतःचं लहानपण बाळाच्या लांबीत उतरतं. जी मुलगी स्वतः खुजी वाढली, विशीच्या आत गरोदर राहिली आणि गरोदरपणात तिचं वजन पुरेसं वाढलं नाही, तिचं बाळ लहान जन्मतं. नऊ महिने चांगलं खाऊन हे सगळं पुसलं जात नाही; दोन पिढ्या लागू शकतात. भारतात रोडावलेल्या मुलांचं प्रमाण जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांतच मोठं दिसतं, तेव्हा तर वरचं अन्न सुरूही झालेलं नसतं. म्हणजे वाटीचा प्रश्न सुरू होण्याआधी आईच्या ताटाचा प्रश्न असतो. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या गरोदर बाईला आपण ‘बाळाला नीट भरव’ असं सांगतो, तेव्हा तिच्याच ताटाबद्दल घरातल्या पुरुषांशी आणि सासूशी कुणीतरी बोललेलं असलं पाहिजे.

आणि दोन वर्षं उलटून गेलेल्या खुज्या मुलाच्या आईला उंचीचं आश्वासन देऊ नये. बरीचशी लांबी पहिल्या हजार दिवसांतच गमावलेली असते. पुढे थोडी भरून येते, सगळी येत नाही. त्या मुलाला चांगलं अन्न, आजारापासून जपणूक, बोलणं-खेळणं हे सगळं हवंच. पण ‘हे टॉनिक द्या, उंची वाढेल’ म्हणणाऱ्या प्रत्येक बाटलीपासून त्या घराचे पैसे वाचवले पाहिजेत.

मोजमापच चुकलं, तर वरची सगळी चर्चा फुकट जाते. लांबी एकट्याने मोजता येत नाही. एकीने डोकं फळीला टेकवून धरायचं, दुसरीने गुडघे हलकेच दाबून पाय सरळ करायचे आणि पावलं सरकत्या पाटीला काटकोनात लावायची. मूल रडतं, पाय आखडतं, आणि दोन सेंटिमीटर सहज चुकतात. दोन सेंटिमीटरने मूल खुज्यात जातं किंवा बाहेर येतं. दोन वर्षांपर्यंत झोपवून आणि त्यानंतर उभं करून मोजायचं. हे उलटसुलट झालं, तर पाऊण सेंटिमीटरच्या आसपास फरक पडतो. टांगता काटा आधी शून्यावर आहे का ते पाहायचं आणि स्वेटर उतरवायचा. वय जन्मदाखल्यावरून घ्यायचं, ‘दिवाळीत झाला’ यावरून नाही, कारण महिना-दोन महिन्यांच्या चुकीने वयाचे दोन्ही तक्ते खोटे पडतात. लांबीनुसार वजनाला वय लागत नाही, हा त्याचा आणखी एक मोठा फायदा. आणि एका महिन्यात लांबी कमी झालेली दिसली, तर मूल आखडलेलं नसून मागचं किंवा आजचं मोजमाप चुकलेलं आहे. तो आकडा तसाच न भरता पुन्हा मोजायचा.

फळीही नाही आणि काटाही नाही, अशा ठिकाणी दंडाची पट्टी उपयोगी पडते. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळायची, न आवळता. साडेबारा सेंटिमीटरच्या खाली मूल मध्यम रोडावलेलं, साडेअकराच्या खाली अतितीव्र. ही पट्टी आईही लावू शकते, आणि तिच्या हातात ती असावी, कारण रोज बाळाला अंघोळ घालणारी तीच आहे.

दुसऱ्या मुलीकडे, ८० सेंटिमीटरच्या त्या रोडावलेल्या मुलीकडे, घरी काय करायचं? ती खेळते आहे, भूक आहे, ताप नाही, तर घट्ट, तेल घातलेलं अन्न दिवसातून पाच वेळा, बरोबर अंडं किंवा दूध, आणि दर महिन्याऐवजी दर आठवड्याला वजन. दोन आठवड्यांत काटा हलला नाही, तर आरोग्य केंद्रात दाखवायचं. पण दंड साडेअकराच्या खाली गेला असेल, मूल पेंगुळलेलं असेल, समोर धरलेलं अन्न नाकारत असेल, अंग गार लागत असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर घरी भरवत बसू नये. आणि दोन्ही पावलं सुजलेली असतील, अंगठ्याने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर वजनावर मुळीच विश्वास ठेवू नये. ती सूज पाण्याची असते आणि काट्यावर मूल भरलेलं दाखवते. असं मूल कोणत्याही रंगात असलं, तरी अतितीव्र कुपोषित धरतात.

अशा मुलाला एकदम भरपूर खाऊ घालणं धोक्याचं असतं. उपासमारीशी जुळवून घेतलेलं त्याचं शरीर अचानक आलेलं अन्न आणि मीठ पेलू शकत नाही, आणि हृदयावर ताण येतो. पोषण पुनर्वसन केंद्रात म्हणूनच पहिले काही दिवस दर दोन-तीन तासांनी थोडं, कमी ताकदीचं दूध मोजून देतात, संसर्गावर औषध सुरू करतात, अंग उबदार ठेवतात, आणि भूक परत आल्यावरच भारी आहाराकडे नेतात. त्याला साधारण दोन आठवडे लागतात. तिथे आईला जेवण आणि बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाई मिळते. तरीही अनेक आया पाचव्या-सहाव्या दिवशी मूल जरा हसायला लागलं की निघून जातात, कारण घरी आणखी दोन लेकरं असतात, शेळी असते, आणि त्यांना बघणारं कुणी नसतं. त्या बाईला अडवण्यापेक्षा तिच्या घरच्या दोन लेकरांना दोन आठवडे अंगणवाडीत दोन वेळ जेवायला घालण्याची सोय गावातल्या कुणी केली, तर ती थांबते. आणि ती केंद्रातून परतल्यावर पुढचे दोन महिने, दर पंधरा दिवसांनी, त्या मुलाचं वजन, लांबी आणि दंड या तिन्हींची नोंद व्हायला हवी, कारण बरी होऊन गेलेली मुलं पुन्हा घसरतात ती याच दोन महिन्यांत.